उशिरा मिळणाऱ्या परताव्यावरील व्याजासह रकमेची मागणी

दिनांक : 25 ऑगस्ट 2025

प्रति,
व्यवस्थापक, परतावा विभाग

विषय : रद्द झालेल्या ऑर्डर क्रमांक 4172 च्या आगाऊ रकमेपैकी बाकी 60,000 रुपये आणि त्यावरील सरळव्याज मिळण्याबाबत.

महोदय,

लाकडी कपाटांच्या वरील ऑर्डरसाठी मी दोन हप्त्यांत मिळून 90,000 रुपये आगाऊ भरले होते. माल देता येणार नाही असे आपण 3 मार्च 2025 रोजी लेखी कळवून ऑर्डर रद्द केली. आपल्याच करारपत्राच्या कलम 9 नुसार अशा वेळी संपूर्ण आगाऊ रक्कम 15 दिवसांत, म्हणजे 18 मार्च 2025 पर्यंत, परत करणे आपणांस बंधनकारक होते. प्रत्यक्षात 16 जून रोजी 30,000 रुपये जमा झाले आणि उरलेले 60,000 रुपये आजपर्यंत आलेले नाहीत. 10 जुलैच्या पत्रात मी केवळ मूळ रक्कम मागितली होती, कारण ती तेवढ्यावर मिळेल असा माझा विश्वास होता. त्या पत्राला उत्तर न आल्याने आता व्याजाची मागणी त्यात जोडत आहे.

व्याजाचा दर मी द.सा.द.शे. 12 धरला आहे आणि तो मनाने ठरवलेला नाही. करारपत्राच्या कलम 11 मध्ये, ग्राहकाने हप्ता भरण्यास उशीर केल्यास विलंबाच्या दिवसांसाठी याच दराने सरळव्याज आकारले जाईल, असे आपण नमूद केले आहे. हे कलम ग्राहकाच्या विलंबाबद्दल आहे आणि आपल्या विलंबाबद्दल करारात दर दिलेला नाही, हे मला मान्य आहे. परंतु दुसऱ्याचे पैसे मुदतीनंतर आपल्याकडे राहिल्यास त्याचा मोबदला किती असावा, याचे दोन्ही पक्षांनी सही करून स्वीकारलेले माप या करारात तेवढे एकच आहे, आणि तेच माप उलट बाजूनेही लागू होणे न्याय्य आहे असे माझे ठाम म्हणणे आहे. माझा 45,000 रुपयांचा दुसरा हप्ता 12 दिवस उशिरा पोहोचला, तेव्हा आपण वर्षाचे 365 दिवस धरून माझ्याकडून 177.53 रुपये घेतले होते. ती रक्कम मी तक्रार न करता भरली आणि आजही परत मागत नाही. तिची पावती दराचा व हिशेबाच्या पद्धतीचा पुरावा म्हणून जोडली आहे.

व्याज 19 मार्चपासून, म्हणजे मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजले आहे. 30,000 रुपये जमा झाले तो दिवस कमी झालेल्या रकमेच्या टप्प्यात घेतला आहे.

19 मार्च ते 15 जून, 89 दिवस :
90,000 × 12/100 × 89/365 = 2,633.42 रुपये

16 जून ते 25 ऑगस्ट, 71 दिवस :
60,000 × 12/100 × 71/365 = 1,400.55 रुपये

एकूण व्याज : 4,033.97 रुपये
बाकी मूळ रक्कम : 60,000.00 रुपये
आजअखेर येणे : 64,033.97 रुपये

आलेली रक्कम आधी व्याजात वळती करण्याची रीत असली तरी मी 30,000 रुपये पूर्णपणे मुद्दलातूनच वजा केले आहेत आणि व्याजावर व्याज कोठेही लावलेले नाही. पैसे अडकल्यामुळे तेच काम दुसरीकडून करून घेताना मला बहिणीकडून उसनवारी करावी लागली. त्याचा मनस्ताप मोठा असला तरी तो या आकड्यांत धरलेला नाही.

उद्यापासून रक्कम हाती येईपर्यंत दररोज 19.73 रुपये व्याज वाढेल. आपण 9 सप्टेंबर 2025 रोजी रक्कम भरल्यास, त्या दिवसासह 15 दिवसांचे 295.89 रुपये धरून, 64,329.86 रुपये देय होतील. त्याआधी भरल्यास तितक्या दिवसांचे व्याज कमी करावे. आगाऊ रक्कम ज्या खात्यातून आपणांस मिळाली, त्याच खात्यात ती जमा करावी. हिशेबात चूक आढळल्यास नेमकी ओळ दाखवून लेखी कळवावे, मी ती तपासून दुरुस्त करीन. मात्र त्या कारणाने वाद नसलेले 60,000 रुपये रोखून धरू नयेत.

हे पत्र व्याज अधिनियम, 1978 च्या कलम 3 च्या प्रयोजनासाठी व्याजाची लेखी मागणी म्हणूनही समजावे. वरील मुदतीत रक्कम न मिळाल्यास मी ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. तेथे करारातील 12 टक्के दराने, आणि तो मान्य न झाल्यास आयोगास योग्य वाटेल त्या दराने व्याज मागण्याचा माझा हक्क मी राखून ठेवत आहे.

आपली,
ऑर्डर क्रमांक 4172 ची ग्राहक

सोबत : करारपत्राची प्रत, 3 मार्चचे रद्दपत्र, दोन्ही हप्त्यांच्या व विलंब व्याजाच्या पावत्या, 30,000 रुपये जमा झाल्याची बँक नोंद, 10 जुलैच्या पत्राची प्रत.