एसएससी सीजीएल २०२५ : जाहिरातीत आपल्या कामाचं काय आहे

अभ्यासिकेच्या फलकासाठी, शनिवार, १४ जून २०२५

कर्मचारी निवड आयोगाची, म्हणजे एसएससीची, सीजीएल २०२५ ची जाहिरात ९ जूनला आली. परवा रात्री इथली आठ-दहा पोरं मोबाइलवर ती पीडीएफ वरखाली सरकवत होती आणि शेवटी सगळ्यांचा प्रश्न एकच, "दादा, आपल्याला जमतंय का यात?" म्हणून सगळी वाचून काढली आणि मराठीत उतरवली. हे वाचलं म्हणून मूळ जाहिरात सोडू नका. ती ssc.gov.in वर आहे, आणि वाद झाला तर तीच चालते, माझा कागद नाही.

आधी तारखा, कारण त्याच पहिल्यांदा विसरल्या जातात.

अर्ज : ९ जून ते ४ जुलै, रात्री ११ पर्यंत.
फी भरायची शेवटची वेळ : ५ जुलै, रात्री ११.
अर्जातली चूक दुरुस्त करायची खिडकी : ९ ते ११ जुलै.
टियर-१ : १३ ते ३० ऑगस्ट.
टियर-२ : डिसेंबर २०२५.

परीक्षेच्या तारखा आयोग पुढे-मागे करू शकतो, तेव्हा साइट बघत राहा. अर्जाच्या तारखेवर मात्र मुदतवाढीची आशा ठेवू नका. दुरुस्तीची खिडकी फुकटची नाही. पहिल्यांदा बदल केला तर २०० रुपये, दुसऱ्यांदा ५००. ज्यांना मूळ फी माफ आहे त्यांनाही हे पैसे भरावे लागतात. मूळ फी १०० रुपये; महिला, एससी, एसटी, दिव्यांग आणि माजी सैनिक यांना माफ. ओबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलग्यांना माफी नाही.

जागा अंदाजे १४,५८२. इन्कम टॅक्स इन्स्पेक्टर, जीएसटी-कस्टमचे इन्स्पेक्टर, मंत्रालयांतले असिस्टंट सेक्शन ऑफिसर, सीबीआयचे सब-इन्स्पेक्टर, पोस्टाचे इन्स्पेक्टर, ऑडिटर, अकाउंटंट, टॅक्स असिस्टंट अशी सगळी केंद्राची पदं. पगार लेव्हल ४ पासून (मूळ वेतन २५,५००) लेव्हल ७ पर्यंत (मूळ वेतन ४४,९००). मुलाखत नाही. 'वशिला लागतो' म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात, त्यांना ही ओळ दाखवा.

शिक्षण. कुठल्याही शाखेची पदवी चालते, बी.ए. असो नाहीतर बी.एस्सी. ॲग्री. टक्क्यांची अटही बहुतेक पदांना नाही. अपवाद आकडेवारीच्या पदांचा. ज्युनिअर स्टॅटिस्टिकल ऑफिसरसाठी बारावीच्या गणितात किमान ६० टक्के हवेत, नाहीतर पदवीला संख्याशास्त्र हा विषय हवा. स्टॅटिस्टिकल इन्व्हेस्टिगेटरला तर पदवीच्या सगळ्या वर्षांत संख्याशास्त्र लागतं. शेवटच्या वर्षाला असणाऱ्यांनो, अर्ज भरता येतो, पण पदवी १ ऑगस्ट २०२५ ला किंवा त्याआधी पूर्ण झालेली असली पाहिजे. म्हणजे सहाव्या सत्राचा निकाल तोवर लागलेला हवा आणि त्यात तुम्ही पास हवेत. ज्याचा एखादा विषय मागे राहिलाय, त्यानं उगंच स्वतःची समजूत घालत बसू नये.

वय १ ऑगस्ट २०२५ ला मोजतात आणि ते पदानुसार बदलतं. ऑडिटर, अकाउंटंट, टॅक्स असिस्टंट वगैरेंना १८ ते २७, म्हणजे जन्म २ ऑगस्ट १९९८ च्या आधीचा नको. इन्कम टॅक्स आणि जीएसटी इन्स्पेक्टरला १८ ते ३०. सीबीआय सब-इन्स्पेक्टर आणि बऱ्याच असिस्टंट सेक्शन ऑफिसरच्या पदांना २० ते ३०. ज्युनिअर स्टॅटिस्टिकल ऑफिसरला ३२ पर्यंत. सवलत अशी : ओबीसी ३ वर्षं, एससी-एसटी ५, दिव्यांग १० (ओबीसी दिव्यांग १३, एससी-एसटी दिव्यांग १५).

एमपीएससीच्या ३८ आणि ४३ ची सवय असल्यानं आपली मुलं इथंच फसतात. तिशी ओलांडलेल्या खुल्या गटातल्या मित्रांना एक-दोन पदं सोडली तर इथं जागा नाही, हे स्पष्ट सांगतो. ईडब्ल्यूएसला वयात एका दिवसाचीही सूट नाही. राज्यात आहे, केंद्रात नाही.

आता दाखले. इथं जरा थांबून वाचा.

केंद्रात एसईबीसी नावाचा प्रवर्गच नाही. मराठा मुलांनी तो दाखला फाइलीतच ठेवावा. कुणबी नोंद निघाली असेल आणि जातीचा दाखला मिळाला असेल तर केंद्राच्या ओबीसी यादीत कुणबी आहे, पण नॉन-क्रिमीलेअर केंद्राच्या नमुन्यात लागतं. तशी नोंद नसेल तर ईडब्ल्यूएस बघा : कुटुंबाचं २०२४-२५ चं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि शेती पाच एकरांपेक्षा कमी हवी. आपल्या ऊसपट्ट्यात पाच एकर म्हणजे मोठा शेतकरी, त्यामुळं बहुतेकांचं बसेल. पण हाही दाखला 'केंद्र शासनासाठी' असाच मागायचा. सेतूतल्या माणसानं सवयीनं राज्याचा काढून दिला तर तो हातात घेतानाच बघा, घरी येऊन नको.

हे कळवळून सांगतोय त्याला कारण आहे. माझ्या वेळी मी ओबीसीवर अर्ज भरला, दोन्ही टप्पे पार केले आणि कागदपत्रं तपासणीला राज्याचा नमुना घेऊन उभा राहिलो. समोरच्यानं कागद उलटा केला, सुलटा केला, परत माझ्याकडं सरकवला आणि म्हणाला, "सेंट्रल फॉरमॅट?" त्या दोन शब्दांनी माझी खुल्या गटात रवानगी केली आणि खुल्याच्या कटऑफला मी साडेसहा मार्कांनी कमी होतो. चूक माझीच. जाहिरातीच्या शेवटी नमुना छापलेला होता, मी तिथवर पोहोचलोच नव्हतो.

परीक्षा दोन टप्प्यांत, दोन्ही कॉम्प्युटरवर. टियर-१ ला एका तासात १०० प्रश्न, २०० मार्क : बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, गणित, इंग्रजी, प्रत्येकी २५ प्रश्न. चुकीच्या उत्तराला अर्धा मार्क कापतात. एका प्रश्नाला ३६ सेकंद येतात, म्हणून प्रश्न सोडून द्यायची सवय आत्तापासून लावा. टियर-१ फक्त चाळणी आहे, अंतिम यादी टियर-२ च्या मार्कांवर लागते.

टियर-२ चा पेपर-१ सगळ्यांना. पहिल्या तासात गणित ३० आणि बुद्धिमत्ता ३० प्रश्न. दुसऱ्या तासात इंग्रजी ४५ आणि सामान्य ज्ञान २५. प्रत्येक प्रश्न ३ मार्कांचा, चुकला की १ जातो. मग १५ मिनिटांत कॉम्प्युटरचे २० प्रश्न आणि १५ मिनिटांची टायपिंगची चाचणी (२००० की दाबायच्या). हे शेवटचे दोन्ही फक्त पास व्हायचे आहेत. पेपर-२ संख्याशास्त्राचा, वरच्या आकडेवारीच्या पदांपुरता. किमान मार्क खुल्याला ३० टक्के, ओबीसी-ईडब्ल्यूएसला २५, बाकीच्यांना २०. हा फक्त उंबरा आहे, प्रत्यक्ष कटऑफ त्याच्या कितीतरी वर जातो.

हिशेब करा. गुणवत्तेचे ३९० मार्क, त्यात इंग्रजी एकटं १३५. गणित ९०, बुद्धिमत्ता ९०, सामान्य ज्ञान ७५. आणि आपल्या अभ्यासिकेत रोज काय चालतं? सकाळी चालू घडामोडी, दुपारी चालू घडामोडी, रात्री चहाच्या गाड्यावर चालू घडामोडींवर भांडण. इंग्रजी 'शेवटच्या महिन्यात बघू'. या परीक्षेत ते चालणार नाही. दुसरी अडचण अशी की पेपर इंग्रजी आणि हिंदीतच असतो, मराठीत नाही. मराठी माध्यमाच्या पोरांनी गणित-बुद्धिमत्तेचे शब्द (भागीदारी म्हणजे पार्टनरशिप, सरळव्याज म्हणजे सिंपल इंटरेस्ट) आत्ताच दोन्हीकडून पाठ करावेत.

अभ्यासक्रमाची लांबलचक यादी इथं उतरवत नाही. गणित दहावीच्या पातळीचं आहे : शेकडेवारी, गुणोत्तर, नफा-तोटा, सूट, काळ-काम, वेग, बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती, आलेख. इंग्रजीत शब्दसंग्रह, वाक्यातली चूक, म्हणी, उतारा. सामान्य ज्ञानात इतिहास, भूगोल, राज्यघटना, अर्थव्यवस्था, विज्ञान आणि शेजारी देश. महाराष्ट्राचा इतिहास कितीही पक्का असला तरी इथं संपूर्ण भारत विचारतात. कॉम्प्युटरला विंडोज, वर्ड, एक्सेल, ईमेल, इंटरनेट, थोडी सायबर सुरक्षा.

तालमीत जाणाऱ्यांसाठी एक ओळ. जीएसटी-कस्टमच्या इन्स्पेक्टरला शारीरिक निकष आहेत. मुलांना उंची १५७.५ सेंमी, छाती पूर्ण फुगवून ८१ सेंमी, त्यात फुगवटा किमान ५ सेंमी, १६०० मीटर चालणं १५ मिनिटांत, ८ किलोमीटर सायकल ३० मिनिटांत. मुलींना उंची १५२, वजन ४८ किलो, एक किलोमीटर चालणं २० मिनिटांत, ३ किलोमीटर सायकल २५ मिनिटांत. रंकाळ्याला रोज फेरी मारणाऱ्याला हे अवघड नाही. सायकल मात्र बऱ्याच जणांनी दहावीनंतर धरलेली नाही.

परीक्षा केंद्रांच्या यादीत कोल्हापूर आहे. तीन केंद्रं पसंतीक्रमानं द्यायची आहेत, तिन्ही एकाच विभागातली. पहिलं कोल्हापूर टाका, दुसरं पुणे. परीक्षा ऑगस्टमध्ये आहे. २०१९ ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला होता, विसरू नका. पुणं मिळालं तर दोन दिवस आधी निघा, आणि गगनबावडा-शाहूवाडीच्या पोरांनी कोल्हापूर मिळालं तरी आदल्या दिवशी शहरात मुक्कामाला या.

अर्जात फोटो अपलोड करता येत नाही, कॅमेऱ्यासमोर बसून लाइव्ह काढावा लागतो. चष्मा नाही, टोपी नाही, मागे साधी पांढरी भिंत. सही स्कॅन करून, जेपीईजी, १० ते २० केबी. साइट नवीन आहे, त्यामुळं जुन्या साइटवरची नोंदणी चालत नाही, आधी नवी वन टाइम रजिस्ट्रेशन करा. नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच टाका.

रविवारी २२ जूनला सकाळी दहा वाजता मागच्या खोलीत सगळ्यांचे अर्ज एकत्र भरू. तिथली भिंत पांढरी आहे, फक्त ते कॅलेंडर काढून ठेवतो. येताना दहावीचं प्रमाणपत्र, आधार, पदवीचे हॉल तिकीट नंबर आणि मोबाइल चार्ज करून आणा. दाखला ज्यांच्याकडं आहे त्यांनी तो आणाच. नमुना मी स्वतः बघणार आहे.