चिमू काजव्याची लुकलुक

अंजनेरीच्या डोंगराखाली एक मोठ्ठं जांभळाचं झाड होतं. पावसाळा तोंडावर आला की त्या झाडावर काजवेच काजवे! सगळे एकदम लुक करायचे आणि एकदम विझायचे.

चिमू मात्र पानामागे लपायचा. त्याच्या पोटाखाली इवलासा हिरवट पिवळा दिवा होता. गारेगार, अजिबात न भाजणारा. पण कुणी बघितलं की चिमू पोट पानाला चिकटवून टाकायचा.

"ताई, मी कधी लुकलुकू?"

"आधी नीट बघ. उजेड असेल तर थांब. अंधार झाला की लुक कर. मग थांब. कुणी उत्तर देतंय का ते बघ."

तेवढ्यात वाटेवरून बॅटरीचा झोत आला. भप्पकन! सगळे काजवे गप्प. चिमूही गप्प. त्याला हे छान जमलं.

बॅटरी गेली. काळाकुट्ट अंधार. त्र्यंबककडून पावसाचा वास आला. चिमू हळूच पानाच्या टोकावर आला.

लुक.

थांबला. एक... दोन...

खाली गवतातून कुणीतरी म्हणालं, लुक!

"अगंबाई, कोण गं तू?"

"मी पिटुकली! मलाही लाज वाटते. म्हणून गवतात बसते."

"मग मी येऊ खाली?"

"ये ना! पण वाट दिसायला हवी. लुकलुकत ये."

आणि चिमू निघाला. लुक... लुक... लुक...