विशेष कुलमुखत्यारपत्र
(केळशी येथील मिळकतीच्या कागदपत्रांच्या कामापुरते मर्यादित)

आज दिनांक 17 नोव्हेंबर 2025 रोजी टोरांटो, कॅनडा येथे हे विशेष कुलमुखत्यारपत्र लिहून दिले असे.

लिहून देणार: श्रीमती सुलभा वसंत शिगवण, वय 71, धंदा घरकाम, मूळ राहणार मौजे केळशी, ता. दापोली, जि. रत्नागिरी, सध्या मुलगा अमोल याच्याकडे ब्रॅम्प्टन, ओंटारिओ, कॅनडा येथे वास्तव्य. मी भारताची नागरिक असून माझ्याकडे भारतीय पारपत्र आहे. त्याची स्वसाक्षांकित प्रत या पत्रासोबत जोडली आहे.

लिहून घेणार: श्री. महेश श्रीधर शिगवण, वय 43, धंदा शेती व दुकानदारी, राहणार मौजे केळशी, ता. दापोली, जि. रत्नागिरी. हा माझे दिवंगत धाकटे दीर श्रीधर यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या. नात्याने लहान असल्याने यापुढे या पत्रात मी त्याला महेश असेच म्हणते.

कारणे लिहून देते ती अशी.

माझे पती कै. वसंत रामचंद्र शिगवण दिनांक 9 मार्च 2022 रोजी केळशी येथे वारले. त्यांच्या मागे मी, मुलगा अमोल आणि मुलगी सौ. स्मिता संदीप कदम (राहणार ठाणे) असे आम्ही तिघेच वारस आहोत. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 प्रमाणे आम्ही तिघेही वर्ग 1 चे वारस असून प्रत्येकाचा हिस्सा सारखा, एक तृतीयांश आहे. वर्षे उलटली तरी सातबाऱ्यावर अजून माझ्या पतींचेच नाव आहे. घरपट्टी त्यांच्याच नावाने येते, विजेचे बिलही तसेच. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर तर त्यांच्या वडिलांचे नाव रामचंद्रऐवजी रामजी असे पडले आहे. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे मला एवढा प्रवास करवत नाही. स्मिताला नोकरी सांभाळून दर वेळी दापोलीची कचेरी गाठणे शक्य नाही. महेश गावात असतो आणि जमिनीचा कानाकोपरा त्याला ठाऊक आहे, म्हणून खाली लिहिलेल्या कामांपुरता मी त्याला माझा मुखत्यार नेमत आहे.

मिळकतीचे वर्णन

(अ) मौजे केळशी येथील सर्व्हे नं. 41, हिस्सा नं. 3, क्षेत्र 0 हेक्टर 34.50 आर. माड व पोफळीचे आगर आणि वरच्या अंगाला हापूसची कलमे. चतुःसीमा: पूर्वेस गावची पाखाडी, पश्चिमेस वहाळ, दक्षिणेस श्रीधर यांच्या वारसांचे आगर, उत्तरेस लगतच्या खातेदारांची जमीन.

(आ) वरील जमिनीतील ग्रामपंचायत घर नं. 218, जांभ्या चिऱ्याचे, कौलारू, पुढे-मागे पडवी व खळे यांसह, आणि आवारातील विहीर.

या दोन मिळकतींतील माझ्या स्वतःच्या हिश्श्यापुरतेच हे पत्र आहे. अमोल आणि स्मिता यांच्या हिश्श्याबाबत महेशला यातून कोणताही अधिकार मिळत नाही. त्यांच्या सह्या लागतील तेथे त्या त्यांनीच करायच्या.

महेशने करावयाची कामे

1. माझ्या पतींच्या मृत्यूची वर्दी देऊन वारस नोंदीचा अर्ज ग्राम महसूल अधिकारी (तलाठी) यांच्याकडे करणे, फेरफार नोंदीचा पाठपुरावा करणे, नोटीस स्वीकारणे, मंडल अधिकाऱ्यांपुढे हजर राहणे आणि नोंद प्रमाणित झाल्यावर सातबारा, 8अ व फेरफाराच्या नकला घेणे. अर्जासोबतचे वारसांचे प्रतिज्ञापत्र मी येथे स्वतः करून पाठवले आहे. माझ्या वतीने दुसरे प्रतिज्ञापत्र महेशने करू नये. वारस कोण आणि किती, हे शपथेवर सांगण्याचे काम माझे आहे.

2. उताऱ्यात नावाची किंवा क्षेत्राची लेखनचूक आढळल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 खाली दुरुस्तीचा अर्ज तहसीलदार, दापोली यांच्याकडे देणे. नमुना 8 मधील 'रामजी' हे नाव ग्रामपंचायतीकडून दुरुस्त करून घेणे व पुढे आम्हा तिघांची नावे लावून घेणे.

3. उत्तर बाजूच्या हद्दीची मोजणी. हे काम मला सर्वांत निकडीचे वाटते, म्हणून सविस्तर लिहिते. दिनांक 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात या बांधावरचे जुने माड आणि फणस मुळासकट पडले. हद्दीची खूण म्हणून पिढ्यानपिढ्या तीच झाडे दाखवली जात होती. त्यानंतर शेजाऱ्यांनी चिऱ्याचा नवा गडगा घातला. तो आमच्या बाजूला सरकला आहे असे महेशचे म्हणणे आहे, आणि शेजाऱ्यांना ते मान्य नाही. कोण बरोबर हे मोजणीशिवाय कळणार नाही. तोवर कोणाच्याही हातून एक चिराही हलू नये. उप अधीक्षक, भूमी अभिलेख, दापोली यांच्याकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करणे, फी भरणे, मोजणीच्या दिवशी माझ्या वतीने हजर राहणे, हद्दीच्या खुणा समजून घेणे, पंचनाम्यावर हजेरीची सही करणे आणि नकाशाची 'क' प्रत घेणे एवढा अधिकार महेशला आहे. मोजणी मान्य नसल्यास त्याने तसा लेखी शेरा द्यावा. मोजणी मान्य असल्याची सही मात्र नकाशा मला पाठवून, माझा होकार लेखी मिळाल्यावरच करावी. शेजाऱ्यांना नोटीस पोहोचल्याची खात्री करावी आणि मोजणीआधी त्यांच्या घरी जाऊन तारीख तोंडीही सांगावी. आमचे त्यांच्याशी जाणेयेणे आहे आणि ते राहावे अशी माझी इच्छा आहे.

4. शेतसारा, घरपट्टी, पाणीपट्टी व वीजबिल भरणे, पावत्या घेणे, महावितरणकडे मीटर नावावर करण्याचा अर्ज देणे.

5. वारस नोंद झाल्यावर खातेदारांच्याच नावाने ई-पीक पाहणी नोंदवणे.

महेशला न दिलेले अधिकार

6. विक्री, खरेदीखत, साठेखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, गहाण, विकसन करार, भाडेपट्टा यांपैकी कोणताही दस्त करण्याचा, त्याची बोलणी पक्की करण्याचा, विसार घेण्याचा किंवा दुय्यम निबंधकांपुढे माझ्या वतीने कबुली देण्याचा अधिकार या पत्राने दिलेला नाही. किनाऱ्यालगतच्या जागांना आता मोठी गिऱ्हाइके आहेत. आगर विकायचे का, अशी विचारणा करणारे घरापर्यंत येतात. त्यांना महेशने एवढेच सांगावे, की जागा विकायची नाही आणि तो अधिकार आपल्याला नाही.

7. आगर किंवा कलमे कोणालाही कसायला, खंडाने अथवा वाट्याने देता येणार नाहीत. सातबाऱ्यावर कूळ म्हणून, इतर हक्कात किंवा पीक पाहणीत कब्जेदार म्हणून कोणाचेही, स्वतः महेशचेसुद्धा, नाव लावता येणार नाही. महेशवर अविश्वास म्हणून मी हे लिहीत नाही. एकदा पडलेली नोंद काढताना पुढच्या पिढीची हयात जाते, म्हणून लिहिते. हंगामाला आंबा कोणाला द्यायचा ते मी, अमोल व स्मिता मिळून ठरवू.

8. वाटप, खातेफोड किंवा हद्दीबाबत तडजोड करता येणार नाही. दिवाणी दावा लावता येणार नाही. न्यायालयाची किंवा महसूल खात्याची नोटीस आल्यास ती स्वीकारून तीन दिवसांत तिचा फोटो मला पाठवावा, व गरज पडल्यास फक्त मुदत मागावी.

9. माझी बँक खाती, मुदत ठेवी व टपाल खाते यांच्याशी या पत्राचा संबंध नाही.

10. हा अधिकार महेशला दुसऱ्या कोणाकडे सोपवता येणार नाही. माझ्या वतीने कोऱ्या कागदावर किंवा अर्धवट भरलेल्या अर्जावर सही करू नये. माझा आधार क्रमांक या पत्रात मुद्दाम लिहिलेला नाही. ज्या कचेरीला तो लागेल तिथल्या कामापुरता मी कळवीन.

11. विहिरीवर वाडीतली चार घरे पाणी भरतात. हद्द कोणतीही ठरली तरी त्यांची पायवाट अडवू नये. गणपतीत आणि शिमग्यात घर उघडण्याचा व वापरण्याचा महेशच्या कुटुंबाचा रिवाज आहे तसाच चालू राहील, मात्र त्यातून मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होणार नाही.

खर्च व हिशेब

12. या कामाबद्दल महेश मोबदला घेणार नाही, आणि हे पत्र देताना मीही त्याच्याकडून कोणतीही रक्कम घेतलेली नाही. सरकारी फी, नकला, टपाल व प्रवास यांचा खर्च अमोल पाठवील. एका कामाला 15,000 रुपयांहून अधिक खर्च येणार असल्यास आधी माझी लेखी संमती घ्यावी. दर तीन महिन्यांनी हिशेब आणि पावत्यांचे फोटो मला व स्मिताला पाठवावेत. पावतीशिवाय कोणाला पैसे देऊ नयेत. काम त्यामुळे लांबले तरी चालेल. मूळ कागद स्मिताकडे ठेवायला द्यावेत.

मुदत व रद्द करणे

13. हे पत्र दिनांक 31 मे 2027 अखेर अमलात राहील. पावसाळ्यात आगरात मोजणी होणे कठीण, म्हणून दोन उन्हाळे मिळावेत असा हिशेब धरला आहे. वरील कामे त्याआधी पुरी झाल्यास पत्र त्याच दिवशी संपेल. मुदत आपोआप वाढणार नाही. आम्हा दोघांपैकी कोणाचाही मृत्यू झाल्यास किंवा कोणी मनाने असमर्थ झाल्यास ते तत्काळ संपुष्टात येईल.

14. मला हे पत्र कारण न देता केव्हाही रद्द करता येईल. मिळकतीत महेशचा या पत्रामुळे कोणताही हितसंबंध निर्माण होत नसल्याने ते अपरिवर्तनीय नाही. रद्द केल्याची लेखी नोटीस मी महेशला पाठवीन आणि तिची प्रत तलाठी, तहसीलदार, भूमी अभिलेख व ग्रामपंचायत यांना देईन. नोटीस मिळेपर्यंत महेशने या पत्राच्या मर्यादेत प्रामाणिकपणे केलेले काम मला मान्य राहील. मर्यादेबाहेर केलेले कोणतेही कृत्य माझ्यावर बंधनकारक नाही.

साक्षांकन व मुद्रांक

15. भारताचे महावाणिज्य दूतावास, टोरांटो येथील अधिकाऱ्यांसमोर मी या पत्राच्या प्रत्येक पानावर सही व डाव्या हाताचा अंगठा करीत आहे. त्यांचे साक्षांकन राजनैतिक व वाणिज्य दूत अधिकारी (शपथ व शुल्क) अधिनियम, 1948 खालील आहे. पत्र भारताबाहेर लिहिलेले असल्याने ते महाराष्ट्रात प्रथम पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, 1958 च्या कलम 18 व अनुसूची 1, अनुच्छेद 48 नुसार त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावे. पोहोचल्याची तारीख दाखवता यावी म्हणून कुरिअरचे पाकीट आणि पावती फेकू नये. शुल्क भरण्याआधी हे पत्र कोणत्याही कचेरीत वापरू नये.

16. सोबत इंग्रजी अनुवाद जोडला आहे. दोन्हींत फरक आढळल्यास मराठी मजकूर ग्राह्य धरावा.

हे पत्र मी स्वतः वाचले असून मजकूर मला पूर्ण समजला आहे. कोणाच्याही दबावाखाली न येता, राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले आहे.

लिहून देणार
सही व डाव्या हाताचा अंगठा: श्रीमती सुलभा वसंत शिगवण
टोरांटो, दिनांक 17 नोव्हेंबर 2025

मुखत्याराची स्वीकृती
मी महेश श्रीधर शिगवण, वरील पत्र वाचले. काकूंनी घातलेल्या सर्व मर्यादा मला मान्य आहेत. उत्तरेच्या गडग्याबाबत माझे मत काहीही असले तरी मोजणीचा नकाशा हाती येईपर्यंत मी त्याला हात लावणार नाही. मुदत संपताच किंवा रद्द झाल्याची नोटीस मिळताच मूळ पत्र परत करीन.
सही: महेश श्रीधर शिगवण
केळशी, दिनांक 5 डिसेंबर 2025

साक्षीदार (लिहून देणार यांच्या सहीचे)
1. सही: श्री. प्रकाश दत्ताराम मोरे, राहणार ब्रॅम्प्टन
2. सही: सौ. नीलिमा अजित साळवी, राहणार मिसिसॉगा

सोबत जोडलेले कागद: पारपत्राची प्रत, पतींच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत, वारसांचे मूळ प्रतिज्ञापत्र, सर्व्हे नं. 41/3 चा सातबारा व 8अ, घर नं. 218 चा नमुना 8 चा उतारा, इंग्रजी अनुवाद.