अडतीस चिरे

बाबांच्या मागे वाटणीसाठी केलेल्या इन्व्हेंटरीच्या यादीत सगळे होते. घर, बागायतीतले माड, तांब्याचा बंब, देवघरातली समईसुद्धा. फक्त परसातल्या पडक्या गोठ्याची भिंत लिहायची राहून गेली होती. तेवढ्यावरून दादा आणि बाळू सहा महिने एकमेकांशी धड बोलले नव्हते.

भिंत म्हणजे तसे काहीच नाही. पण चिरे जुने, कुऱ्हाडीने ताशीव, आजच्या मशीनवरच्या चिऱ्यापेक्षा चांगले रुंद. जुडाई मातीची, त्यामुळे काढले तर अख्खे सुटतात. दादाला त्यांतून विहिरीचा कठडा करायचा होता. बाळूला काय करायचे होते ते त्याने सांगितले नाही. बहुधा दादाला सगळे मिळू नयेत एवढेच.

शेवटी ठरले, मिरग लागायच्या आत भिंत उतरवायची आणि चिरा-चिरा वाटून घ्यायची. मे संपत आला होता. डिचोलीहून मेस्त्री आला. दादा वही घेऊन उभा, बाळू खडू घेऊन. एका चिऱ्यावर ‘दा’, पुढच्यावर ‘बा’. कोपरा तुटका निघाला की दोघांची हुज्जत, आणि मेस्त्री तेवढ्यात विडी ओढून घ्यायचा.

दुसरा थर निघत होता तेव्हा पलीकडून शेजारच्या काकीचा आवाज आला.

“बाळू, मातशें हळू रे. आमटीत माती पडते.”

“झालंच, काकी,” बाळू म्हणाला, आणि पुढच्या चिऱ्यावर ‘बा’ लिहिले.

अडतिसावा चिरा निघाला आणि मेस्त्री थांबला. त्याने खोबणीत हात घातला, आतले काहीतरी चाचपले.

“हें लाकूड तुमचं?”

धुराने काळे पडलेले तुळईचे टोक होते. भिंतीत चांगले वीतभर आत आलेले. आजवर ते एका चिऱ्याच्या पातळशा तोंडामागे झाकून राहिले होते. मेस्त्रीने बाजूची माती खरवडली, तर हातभर अंतरावर दुसरे टोक.

“कुणी हात लावू नका आता,” मेस्त्री म्हणाला. “हें पलीकडचं छप्पर आहे.”

दोघे वळसा घालून काकीच्या रांधपात गेले. तिने चुलीवर छत्री उघडून धरली होती, काकांची जुनी काळी छत्री, आणि दुसऱ्या हाताने आमटी ढवळत होती. डोळे चुरचुरले तरी दोघांनी वर पाहिले. गोठ्याच्या भिंतीतून निघालेल्या पाच तुळया, त्यांवर वासे, रिपा, मंगळुरी कौले. लहानपणी याच चुलीसमोर बसून दोघांनी पातोळ्या खाल्ल्या होत्या, हळदीच्या पानाचा वास बोटांना दिवसभर राहायचा. तेव्हा वर बघायला फुरसत कुणाला.

“भिंत पाडतोय हे तुला ठाऊक होतं?” दादाने विचारले.

“होतं म्हणजे? सहा महिने तुम्ही ओरडताय. कान आहेत मला.”

“मग बोलली का नाहीस?”

“भिंत तुमची. वाटणी भावांची. त्यात मी कशाला तोंड घालू?” तिने छत्री जराशी कलती केली, माती घळघळ खाली सांडली. “पावसाआधी खाली खांब लावून घेईन म्हटलं. सांगून ठेवलंय एकाला.”

“पण आमच्या बाबांनी...”

“त्यांनीच तुळया टेकू दिल्या. आमची बाजू मातीची, एका पावसात बसली. ते म्हणाले, नवीन भिंत कशाला घालता, आमची आहे ना. भाडं नको म्हणाले. पण तुमचे काका कसले ऐकतात. तुळईमागे एक नारळ, दर चवथीला.”

बाळू गप्प झाला. बाबा गेल्यापासूनच्या दोन्ही चवथींना काकीने पाच नारळ आणून सोप्यावर ठेवले होते. आणि दोन्ही वेळा भावांनी दोन-दोन घेऊन पाचवा फोडला होता, अर्धी-अर्धी कवड. पहिल्या वर्षी दादाच्या बायकोने आपली कवड लहान आली म्हणून परतही पाठवली होती. काकी तेव्हा सोप्यावरच बसलेली होती.

“बसा,” काकी म्हणाली. “चहा घ्या. माती असेल तळाला, शेवटचा घोट सोडा.”

दोघे पाटावर बसले. बऱ्याच दिवसांनी एकाच खोलीत, तेही गुडघ्याला गुडघा लागेल इतके, कारण पाट दोनच होते आणि बाकीच्या जागेवर माती. दादाने वही मांडीखाली घातली.

बाहेरून मेस्त्रीची हाक आली.

“बाबांनो, परत लावायचे तर आत्ताच सांगा. किती काढले?”

“अडतीस,” दादाने आतूनच सांगितले.

“‘दा’ खंय, ‘बा’ खंय, तें मी बघत बसणार नाही हां. हाताला येईल तो लावणार.”

“लाव,” बाळू म्हणाला.

“आणि मजुरी कुणाच्या नावावर?”

दादाने बाळूकडे पाहिले. बाळूने वर, तुळयांकडे. काकीने छत्री मिटली आणि आमटीत मीठ टाकले.