सगळ्यांना सारखं दिलं की झालं का? नववीच्या वर्तुळासाठी प्रश्नसंच

नाशिकमधल्या माध्यमिक शाळांच्या शिक्षकांसाठी, वर्गात न्यायावर चर्चा घ्यायला. इयत्ता नववी, 32 मुलं, जोडून दोन तासिका, म्हणजे 70 मिनिटं.

बाक भिंतीला सरकवा. 16 मुलं आतल्या वर्तुळात, 16 त्यांच्या मागे. पहिली 40 मिनिटं आतली बोलतील, मग जागा बदलतील. मागच्या प्रत्येकानं समोरच्या एकावर लक्ष ठेवायचं: तो किती वेळा बोलला याची उभी रेघ, आणि दुसऱ्याचा मुद्दा धरून बोलला तर रेघेवर गोल. हे कागद शेवटच्या प्रश्नाला लागतात, फेकू देऊ नका.

शिक्षकांनीही वर्तुळातच बसायचं. फळ्यापाशी उभं राहिलं की मुलं एकमेकांशी न बोलता तुमच्याकडे बघून बोलतात. ‘छान’, ‘बरोबर’ हे शब्द 70 मिनिटं बंद. एकदा ‘छान’ म्हटलं की पुढची पाच उत्तरं त्याच वळणाची येतात. तुमच्याकडे चारच वाक्यं: ‘म्हणजे नक्की काय?’, ‘एखादं उदाहरण?’, ‘हे नेहमीच खरं ठरेल, की कधी फसेल?’ आणि ‘हिचं म्हणणं तुझ्या शब्दांत सांग, मग विरोध कर.’ प्रश्न टाकल्यावर मनात दहा आकडे मोजा. शांतता जड वाटते, पण सहाव्या-सातव्या आकड्याला कुणीतरी तोंड उघडतंच.

शब्दांपासून सुरुवात (7 मिनिटं)

‘न्याय’ हा शब्द आधी उच्चारू नका. त्यानं मुलांना कोर्ट आठवतं आणि भाषा पुस्तकी होते. त्याऐवजी फळ्यावर तीन शब्द लिहून ठेवा: पंक्तिप्रपंच, झुकतं माप, डावं-उजवं करणं.

1. हे तिन्ही शब्द तक्रारीचे आहेत. प्रत्येकात तक्रार नेमकी कशाची आहे?
2. पंगतीत एकाला दोन जिलब्या आणि दुसऱ्याला एक वाढली, तर तो पंक्तिप्रपंच. पण आजोबांना गोड वर्ज्य म्हणून एकही वाढली नाही, तर? फरक आकड्यात आहे की कारणात?
3. बाजारात भाजीवाल्या मावशी गिऱ्हाइकाला झुकतं माप देतात तेव्हा आपल्याला आवडतं. शिक्षकांनी एका मुलाला दिलं की आवडत नाही. का?

तिसऱ्यावर मुलं हसतात, हसू द्या. त्यामागचा मुद्दा मात्र पकडून ठेवा: मावशी स्वतःच्या मालातून देतात. शिक्षक कोणाच्या मालातून देतात?

कच्चा लिंबू (13 मिनिटं)

लगोरी किंवा पकडापकडीत धाकटं भावंड ‘कच्चा लिंबू’ असतं. ते खेळतं, पळतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही.

4. कच्च्या लिंबाला वेगळा नियम लावल्यावर खेळ रास्त राहतो का?
5. त्यालाही तोच नियम लावला, म्हणजे पकडलं की राज्य, तर काय होईल? दहा मिनिटांनंतरचा खेळ डोळ्यांसमोर आणून सांगा.
6. कच्चा लिंबू कोण, हे कोण ठरवतं? त्याला विचारतात का?
7. त्याला कच्चा लिंबू राहायचं नसेल तर? आणि दुसऱ्या बाजूनं, एखादा धडधाकट मुलगा म्हणाला, ‘मला पण कच्चा लिंबू करा’, तर त्याला काय कारण देऊन नाही म्हणाल?

सहावा प्रश्न घाईत उरकू नका. ‘सवलत’ आणि ‘कमी लेखणं’ यांच्यातली रेघ इथेच दिसते, आणि मुलं स्वतःच्या शब्दांत ती बोलून दाखवतात: ‘मला कच्चा लिंबू केलं की मी आउट होत नव्हतो, पण जिंकतपण नव्हतो.’ असं वाक्य आलं तर फळ्यावर जसंच्या तसं उतरवा, व्याकरण सुधारू नका.

लगेच जोडप्रश्न: एका मुलाला अंधुक दिसतं म्हणून तीन तासांच्या पेपरला 60 मिनिटं जादा मिळतात. ‘मग आम्हाला पण द्या’ म्हणणाऱ्याला काय सांगाल? सगळ्यांनाच 60 मिनिटं दिली तर त्या मुलाचं काही नुकसान होतं का?

मिसळीचा गल्ला (20 मिनिटं)

हा या संचाचा कणा आहे. तपशील फळ्यावर आधीच लिहून ठेवा.

आनंदमेळाव्यात तिघांनी मिसळीचा स्टॉल लावला. ओंकारनं 600 रुपये घातले आणि 1 तास काम केलं. फरीदानं 300 रुपये घातले, 3 तास काम केलं. कावेरीनं पैसे घातले नाहीत, पण 4 तास ताटं लावली आणि भांडी घासली. घातलेले पैसे परत दिल्यावर 1,200 रुपये उरले. आधी काहीच ठरलं नव्हतं.

मुलांना 3 मिनिटं द्या, वहीत वाटप लिहायला लावा. साधारण तीन हिशेब येतात. सारखं वाटलं तर प्रत्येकी 400. घातलेल्या पैशांनुसार ओंकारला 800, फरीदाला 400, कावेरीला शून्य. तासांनुसार 150, 450 आणि 600. गणित तिन्हींचं बरोबर आहे हे एकदा मोठ्यानं सांगून टाका, म्हणजे वाद बेरीज-वजाबाकीवर अडकत नाही.

8. तुमचा हिशेब ज्याला सगळ्यात कमी देतो त्याच्यासमोर उभं राहून कारण सांगा. तो ऐकून घेईल असं वाटतं का?
9. पैसे घालणं आणि भांडी घासणं यांत जोखीम कोणाची? मिसळ खपलीच नसती तर कोणाचं काय गेलं असतं?
10. सहलीचे 700 रुपये भरायला कावेरीच्या घरी पैसे नाहीत, हे आता कळलं. वाटप बदलाल? बदलाल तर ती ‘वाटणी’ राहिली की ‘मदत’ झाली? दोन्हींत फरक आहे का?
11. हे सगळं मेळाव्याच्या आदल्या दिवशी ठरवलं असतं तर कमी भांडण झालं असतं का? आधी ठरलेला नियम वाईट असेल तरी पाळायचा का?

आता चिठ्ठ्या. प्रत्येकाला एक घडी घातलेली चिठ्ठी द्या. आत तिघांपैकी एकाचं नाव. *चिठ्ठी न उघडता* आधी नियम लिहायचा: ‘पैसे असे वाटावेत.’ मगच घडी उघडायची. क्रम उलटला तर सगळा खेळ वाया जातो, कारण नाव कळलं की प्रत्येक जण आपल्याच बाजूचा वकील होतो.

12. नाव माहीत नसताना लिहिलेला नियम आणि सुरुवातीला वहीत लिहिलेलं वाटप यांत फरक पडला का? कोणता जास्त रास्त, आणि का?

इथे हमखास बिघडतं ते असं: कोणीतरी म्हणतं, ‘ज्याचं त्याचं मत’, आणि वर्तुळ थंड पडतं. तेव्हा विचारा: ‘मग ओंकार सगळे 1,200 घेऊन घरी गेला, तेही त्याचं मतच ना?’ दुसरा बिघाड हात वर करून मतदान घेण्याचा. बहुमत कळतं, पण कारणं मरतात. मतदान घेऊ नका.

धरणाच्या वर आणि खाली (15 मिनिटं, जागा बदलल्यावर)

गंगापूर धरण गोदावरीच्या वरच्या अंगाला, जायकवाडी खाली पैठणला. टंचाईच्या वर्षी वरच्या धरणांतून खाली पाणी सोडावं लागतं. राज्याच्या 2005 च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात समन्यायी वाटपाची तरतूद आहे. सोडलेल्या पाण्यातलं काही वाटेत नदीपात्रात मुरतं.

13. पाऊस ज्याच्या डोक्यावर पडला, पाणी त्याचं का?
14. पिण्याचं पाणी, द्राक्षबाग आणि कारखाना, यांना एकाच मापानं मोजता येईल?
15. वाटेत पाणी मुरतं म्हणून न सोडणं हे काटकसरीचं बोलणं आहे की सबब? कोणत्या आकड्यावर तुमचं मत बदलेल?

जोडीला दुसरं उदाहरण: पुरंदर तालुक्यात नायगावला 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर मोजलं: माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, घराला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनांनाही वाटा, आणि उसाला बंदी.

16. वीस एकरवाल्याला हे रास्त वाटेल का? त्याचं सगळ्यात जोरदार म्हणणं तुम्हीच मांडा, मगच उत्तर द्या.

मुलांच्या घरी शेती असेल तर इथे आवाज चढतात. ‘तुमच्या गावाला पाणी मिळतं का?’ असा रोख कुणा एकावर येऊ देऊ नका.

काळाराम मंदिराचं दार (10 मिनिटं)

2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. अस्पृश्य मानलेल्यांनाही देवळात जाऊ द्यावं एवढीच मागणी. दार बंद ठेवण्यात आलं, आणि सत्याग्रह काही वर्षं चालला.

17. दार बंद ठेवणारे म्हणत, नियम जुना आहे आणि सगळ्यांना माहीत आहे. नियम सगळ्यांना माहीत असणं आणि तो रास्त असणं, यांत काय कमी पडतं?
18. कच्च्या लिंबालाही वेगळा नियम आणि इथेही वेगळा नियम. मग एक चालतो आणि दुसरा का चालत नाही? (याला पूर्ण वेळ द्या.)
19. संविधानाचं कलम 14 म्हणतं, कायद्यापुढे सगळे समान. कलम 15(3) स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष तरतूद करू देतं. ही दोन कलमं भांडतात की एकमेकांना धरून आहेत?

कोणत्याही मुलाला ‘तुला काय अनुभव आला?’ असं विचारू नका, कोणाकडे वळून बघूही नका. स्वतःहून कोणी बोललं तर ऐका आणि थांबा, लगेच पुढचा प्रश्न फेकू नका.

वेळ उरला तरच हा एक घ्या. सॉक्रेटिसच्या संवादातला जुना पेच आहे: मित्राकडून शस्त्र उसनं घेतलं, आणि तो परत मागायला आला तेव्हा त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. ज्याचं त्याला परत देणं म्हणजे न्याय, तर द्यायचं का? मुलांना शस्त्राऐवजी शेजाऱ्याचा कोयता सांगा.

रेघांचे कागद (5 मिनिटं)

मागच्या रांगेनं मोजलेल्या रेघा फळ्यावर लिहा. नावं नकोत, आकडेच: कोण 9 वेळा, कोण 2, कोण शून्य. मुली आणि मुलं वेगवेगळी बेरीज करा, आणि गोल किती ते शेजारी लिहा.

20. आज बोलण्याचं वाटप रास्त झालं का? कोणत्या मापानं: सगळ्यांना सारखा वेळ, जास्त मुद्दे असलेल्याला जास्त, की नेहमी गप्प राहणाऱ्याला आधी?
21. जो शून्य वेळा बोलला, त्याला बोलायचंच नव्हतं की बोलू दिलं नाही? हे त्याला न दुखावता कसं शोधाल?