दहाची लाईट

आयपीएलचा सामना साडेसातला सुरू होतो आणि खरी मजा येते दहानंतर. आमच्या हॉस्टेलचा टीव्ही मात्र दहाला जायचा. रोज. दुसऱ्या डावाची सातवी-आठवी ओव्हर चालू असायची, बॅट्समनने बॅट उगारलेली असायची आणि पडदा काळा. एप्रिल अर्धा झाला तरी रात्रीच्या एकाही सामन्याचा शेवट आम्ही हॉलमध्ये पाहिला नव्हता. मोबाईलवर बघावं, तर दिवसाचा नेटपॅक कॉलेजातच फुंकून आलेला असायचा.

हॉस्टेल फैजपूर-सावदा रस्त्यावर, गावाबाहेर. तिन्ही बाजूंनी केळी, उत्तरेला सातपुडा. हॉलमध्ये टीव्ही एकच आणि त्याच्याखाली पत्र्याचा जुना स्टॅबिलायझर. पुढे सुई, मागे गरम झाल्याचा वास. पाहणारे मात्र पस्तीस-चाळीस जण, अर्धे बनियनवर, कारण उकाडा असा की भिंतीला पाठ टेकली तरी चटका बसावा.

संशयाची सुई आधी अर्थातच रेक्टर सरांवर. निवृत्त फिजिक्सचे मास्तर, स्वभाव शांत, आणि दहाला सगळे झोपलेले त्यांना आवडायचे. "मी सांगस भो, हाई रेक्टरनंच काम शे," असं अमळनेरचा समाधान छातीठोक सांगायचा. त्याच्या मते सरांच्या खोलीत एक चोरबटण होतं. आम्ही एका रात्री दोघांना सरांच्या खिडकीखाली बसवलं. दहा वाजले, टीव्ही गेला आणि सर आत खाटेवर पेपर वाचत होते. हात पेपरवर, पाय खुर्चीवर. चोरबटण बाद.

मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरून ऑफ टायमर शोधला, तो बंदच होता. केबलवाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "सिग्नल गेला तर पडदा निळा होईल, टीव्ही कसा बंद होईल?" खरं होतं. कोणीतरी विहिरीत पडलेल्या जुन्या वॉचमनची गोष्ट काढली. त्या रात्री पहिल्या वर्षाची पोरं जोडीजोडीने संडासला गेली, एवढाच त्या गोष्टीचा उपयोग.

सुकलाल यातलं काहीच बोलला नव्हता. तो धडगावकडचा, आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड, खिशात पेनाऐवजी टेस्टर. जेवताना त्याने फक्त एवढंच विचारलं, "टीव्ही जातो तेव्हा पंख्याकडे कोणी बघितलंय?"

कोणीच बघितलं नव्हतं. दहाला सगळा हॉल टीव्हीला शिव्या देत असायचा.

त्या रात्री सुकलाल टीव्हीकडे पाठ करून बसला. दहा वाजले. पडदा गेला, पोरं ओरडली आणि सुकलालने वर बोट केलं. पंख्याची पाती मोजता येतील इतका वेग उतरला होता. जिन्यातली ट्यूब थरथरत होती. त्याने स्टॅबिलायझरची सुई दाखवली. जेवणाच्या वेळी दोनशे वीसवर असलेली सुई एकशे चाळीसच्या खाली येऊन पडली होती.

"लाईट गेली नाही. दाब पडला. आणि हा डबा कमी दाबाला स्वतःच कट मारतो."

"पण रोज दहालाच का?"

यावर रावेरचा प्रवीण हसायला लागला. त्याच्या घरी केळीच होती. "अरे, दहाला शेतीपंपांची थ्री फेज येते ना! सध्या आपल्या लाईनला रात्रीची पाळी आहे."

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला आम्ही चौघे हॉस्टेलमागच्या काशिनाथ आबांच्या मळ्यात गेलो. बाकीच्यांना हॉलमध्ये टीव्हीसमोर बसवून ठेवलं. केळीच्या बागेत रात्री शिरलं की हवा एकदम ओली होते, पानं अंगाला लागतात आणि प्रत्येक सळसळीला पाय आपोआप थांबतो. कांदेबागेची, म्हणजे पावसाळा सरताना लावलेली, केळी डोक्यावर गेलेली, घड निसवायला आलेले. एप्रिल-मे महिन्यात या बागेचं पाणी चुकलं की वर्षाची मेहनत वाया.

विहिरीजवळ लाकडी फळीवर पत्र्याची पेटी होती. झाकण उघडलं तर आत दोन पाली आणि स्टार्टर. हिरवं बटण, लाल बटण आणि बाजूला नंतर बसवलेली छोटी डबी, चकचकीत.

"ऑटो," सुकलाल म्हणाला. "थ्री फेज आली की मोटार आपोआप सुरू."

आम्ही मोबाईलच्या उजेडात पेटीकडे बघत उभे राहिलो. दहा झाले. पेटीतले तीन दिवे एकदम लागले, लाल, पिवळा, निळा. थोड्या सेकंदांनी 'खट्' झालं, एक पाल खाली पडली आणि मोटार गुरगुरली. लगेच पलीकडच्या मळ्यात एक, बांधापलीकडे दुसरी, नदीच्या अंगाला आणखी. सगळा शिवार गुरगुरायला लागला. मागे वळून पाहिलं तर हॉस्टेलच्या खिडक्या पिवळट पडल्या होत्या आणि तिथून चाळीस गळ्यांतून एकच आवाज आला, "अरेऽऽऽ!"

"मोटार उठताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते," सुकलाल सांगत होता. "एकाच डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, इतक्या मोटारी एकदम उठल्या तर दाब पडणारच. नंतरही त्या चालू राहतात, म्हणून सुई वर येत नाही."

तेवढ्यात बॅटरीचा झोत आमच्या तोंडावर आला. आबा होते, डोक्याला उपरणं, हातात काठी. चोर नाही म्हटल्यावर बसले. समाधानने विचारलं, आबा, ऑटो काढला तर चालणार नाही का, सामना संपल्यावर मोटार सुरू केली तर?

"अन् रातीचं कोन येईन इथं बटन दाबाले? तू?" आबा म्हणाले. "जनावर हिंडते बाप्पा. मागच्या आठोड्यात नाल्यात बिबट्याचे पाय दिसले. आज तुमचे मोबाईल चमकले म्हनून आलो, नाही तर मी घरीच असतो." मग जरा थांबून, "म्याच जिंकते का कोनी आज?"

आमच्यापैकी कोणालाच ते माहीत नव्हतं.

परत येताना कोणी फार बोललं नाही. ऑटोचा विषय तिथेच संपला होता. खोलीवर न जाता सुकलाल थेट हॉलमध्ये गेला, टीव्ही भिंतीपासून थोडा ओढला आणि मागच्या पट्टीवर बॅटरी मारली. बारीक अक्षरांत छापलं होतं: `AC 100-240V ~ 50/60Hz`.

"हा शंभरवरही चालतो. स्टॅबिलायझर त्या आधीच्या डबा टीव्हीचा असेल. याला त्याची गरजच नाही."

म्हणजे टीव्ही बंद पडतच नव्हता. त्याला वाचवायला ठेवलेला डबाच त्याला रोज झोपवत होता.

पुढच्या सामन्याला वायर थेट भिंतीच्या बोर्डात. दहा वाजले, पंखा मंदावला, ट्यूब थरथरली, टीव्ही तसाच. हॉलमध्ये असा जल्लोष झाला की रेक्टर सर लुंगीवरच आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग जमिनीवर ठेवलेल्या स्टॅबिलायझरकडे, मग सुकलालकडे.

"किती हवेत?"

"बारा ओव्हर, एकशे दहा, सर."

कोणीतरी खुर्ची सरकवली. सर बसले. शेवटच्या बॉलपर्यंत त्यांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. मग उठले आणि चपला शोधत म्हणाले, "उद्या तो स्टॅबिलायझर परत जोडून ठेवा."

"सर, या टीव्हीला तो लागत नाही," सुकलाल म्हणाला.

"ठाऊक आहे. मला लागतो."