विषय: जूनची विक्री – डॅशबोर्ड आणि अकाउंट्सच्या अहवालात ५५ लाख २५ हजारांचा फरक का आला

आदरणीय सर,

सोमवारच्या मीटिंगमध्ये तुम्ही विचारलंत, "यातला खरा आकडा कोणता?" तेव्हा मी घाईने डॅशबोर्डचा म्हणून सांगितलं होतं. ते सांगायला नको होतं. दोन दिवस बसून अकाउंट्सच्या मॅडमबरोबर बिलं ताडून पाहिली. जूनच्या टार्गेटसाठी आणि इन्सेंटिव्हसाठी अकाउंट्सचा आकडा धरावा, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

डॅशबोर्डवर जूनची विक्री ४,८६,४०,००० दिसते, अकाउंट्सकडे ४,३१,१५,०००. टार्गेट साडेचार कोटींचं होतं. म्हणजे एका आकड्याने आपण टार्गेटच्या पुढे आहोत आणि दुसऱ्याने मागे. फील्डच्या मुलांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर पेढ्यांचे फोटोसुद्धा टाकले आहेत, म्हणून हे आजच लिहिते आहे.

सुरुवातीला आम्ही एकूण आकडेच समोरासमोर ठेवून बसलो होतो, त्यातून काहीच हाती लागेना. मग डेपोवार पाहिलं. उदगीरला फक्त बियाणं विकलं जातं. तिथला फरक किरकोळ निघाला आणि तोही सगळा वापसीचा. जालन्याला मात्र मोठा. जालन्यात काय वेगळं, तर कीटकनाशकं आणि तणनाशकं. तिथेच पहिला धागा सापडला. बियाण्याला जीएसटी नाही, औषधांना १८ टक्के आहे. डॅशबोर्ड `total_amount` हा कॉलम उचलतो, त्यात कर धरलेला असतो. अकाउंट्स `taxable_value` धरतात, कारण कर आपण सरकारच्या वतीने गोळा करतो, ते आपलं उत्पन्न नाही. जूनमध्ये औषधांची करापूर्वीची विक्री १ कोटी २० लाख झाली, तिच्यावरचा कर २१,६०,०००. फरकातला सगळ्यात मोठा तुकडा हाच. ही चूक सर्वस्वी माझी. डॅशबोर्ड बांधला तेव्हा हिवाळा होता, विक्री बहुतेक बियाण्याचीच होती, त्यामुळे दोन्ही कॉलम जवळपास सारखेच दिसायचे. मी तपासलं नाही.

यापुढचे सगळे आकडे कर वगळून आहेत.

दुसरा तुकडा वापसीचा, १९,८५,०००. यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण ही गोष्ट सॉफ्टवेअरने सुटणारी नाही. मृगाच्या तोंडावर दुकानदारांनी सोयाबीनचं बियाणं भरून घेतलं. मधे पावसाने ओढ दिली. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतं आणि या वेळी लोकांनी बऱ्यापैकी ऐकलं. काही जण कपाशीकडे, तुरीकडे वळले. परभणी आणि हिंगोलीच्या दुकानदारांनी न फोडलेल्या पिशव्या परत पाठवल्या. आता, माल डेपोवर आला की मुनीम तो रजिस्टरला लिहितात. मग गोडाऊनला पिशव्या मोजल्या जातात, लॉट नंबर पाहिला जातो, शिवण तपासली जाते आणि आठ-दहा दिवसांनी क्रेडिट नोट निघते. ती टॅलीत निघते. डॅशबोर्ड फक्त बिलिंगचं सॉफ्टवेअर वाचतो, टॅली नाही. त्यामुळे गेलेला माल आम्हाला दिसला, आलेला दिसलाच नाही. खरं तर डॅशबोर्डवर आजपर्यंत एकही वापसी कधी वजा झालेली नाही. मागच्या महिन्यांत वापसी थोडी होती म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही इतकंच.

तिसरा, ११,४०,०००. जूनच्या शेवटच्या तीन दिवसांत घेतलेल्या ऑर्डरी. बिलं फाडली गेली, पण माल जुलैत निघाला. अकाउंट्सच्या नियमाने माल आपल्या ताब्यातून जाऊन त्याची जोखीम घेणाऱ्याकडे गेली की मगच विक्री. डॅशबोर्डला बिल झालं की विक्री. इथे चूक कुणाचीच नाही, दोघं वेगळी गोष्ट मोजतात. ही रक्कम जुलैत धरली जाईल. पण ती जूनमध्ये धरली असती तरी आपण ४ कोटी ४२ लाख ५५ हजारांवरच थांबलो असतो, हे आत्ताच सांगून ठेवते. म्हणजे कुणी तो मुद्दा काढला तर तुमच्याकडे उत्तर असेल.

चौथा तुकडा लहान पण गमतीचा. ३० जूनच्या रात्री नांदेड आणि हिंगोलीच्या गाड्या जालना गोडाऊनला भरल्या गेल्या, बिलं रात्री दीडच्या सुमारास, म्हणजे १ जुलैला झाली. आपल्या सर्व्हरचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे चालतं. त्याच्या हिशेबाने तेव्हा ३० जूनचे रात्रीचे आठ वाजले होते. त्यामुळे ३,१०,००० चा माल जूनमध्ये घुसला. उलट १ जूनच्या पहाटेची १,२५,००० ची बिलं मेमध्ये गेली. वजा जाता १,८५,००० जास्त. एरवी रात्री कोण बिलं फाडतं? पण खरिपात गाड्या रात्रीच भरल्या जातात.

उरले ५५,०००. त्यातले ४२,००० परभणी डेपोच्या एकाच बिलाचे. नेट गेलं, मुलाने बटण दोनदा दाबलं, बिल दोनदा चढलं. अकाउंट्सने ते रद्द केलं, आमच्याकडे राहिलं. बाकीच्या १३,००० चा पत्ता मला अजून लागलेला नाही. ओढूनताणून कारण देण्यापेक्षा तसंच लिहिते. शोधणं चालू आहे.

जीएसटी आणि घड्याळाची दुरुस्ती काल रात्री केली. मागचे महिनेही नव्याने मोजायला लावले आहेत, त्यामुळे जुने काही आकडे खाली आलेले दिसतील. कुणी विचारलं तर गोंधळून जाऊ नये म्हणून आधी सांगते. डॅशबोर्डवर "विक्री" लिहिलेली चौकट आहे, तिचं नाव "बुकिंग" करते आणि शेजारी "पक्की विक्री" अशी दुसरी चौकट आणते. गाड्या लावायला, गोडाऊनची माणसं ठरवायला बुकिंगचाच आकडा लागतो, तो काढून टाकू नये.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, अकाउंट्सने क्रेडिट नोटांचं रजिस्टर रोज संध्याकाळी सहापर्यंत एक्सेलमध्ये पाठवावं, आणि डेपोंनी वापसीचा माल उतरला त्याच दिवशी कळवावा. मॅडमची तयारी आहे, डेपोंना मात्र तुमच्या शब्दाशिवाय हलवता येणार नाही. दोन, इन्सेंटिव्ह "पक्क्या विक्री"वर हे शुक्रवारच्या आत तुम्ही फील्डला सांगावं. माझ्याकडून गेलं तर मुलं म्हणतील, आकडा बदलून आमचे पैसे कापले. त्यांची चूक नाही, त्यांना मीच रोज सकाळी तो वाढलेला आकडा पाठवत होते. त्यांच्यासमोर ते कबूल करायला मी तयार आहे.

बिलवार ताडणीची शीट सोबत जोडली आहे. पिवळ्या ओळी म्हणजे ते १३,०००. उद्या दुपारी परभणीच्या मुनिमांशी बोलून त्यांचं कळवते.

आपली,
स्वाती
एमआयएस विभाग, जालना